कुकी तुमची, हुकूम दुसऱ्याचा

२००७ साली जीमेलमध्ये एक त्रुटी सापडली. लॉग-इन असताना भलतेच पान उघडले, की ते गुपचूप जीमेलला फॉर्म पाठवी. खात्यात नवा फिल्टर बसे आणि पत्रे परस्पर चोराकडे जात. पासवर्ड लागतच नसे, कारण ब्राउझर ओळखीची कुकी आपणहून जोडतो. हीच क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी.

यावर उपाय दोन. संकेतस्थळ आपल्या फॉर्ममध्ये अंदाज न बांधता येणारे टोकन लपवते. परक्या पानाला ते वाचता येत नाही, म्हणून त्याचा फॉर्म फेटाळला जातो. दुसरा उपाय, कुकीला `SameSite=Lax` लावणे. मग परक्या पानाच्या अशा फॉर्मसोबत ती जात नाही. साध्या लिंकसोबत मात्र जाते. म्हणून खात्यात बदल करणारे काम नुसत्या लिंकवर ठेवू नये.