जन्मानंतर मुके होणारे जनुक

आईच्या पोटातल्या बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आणि मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन एकच नसते. गर्भाला स्वतः श्वास घेता येत नाही. वारेतून, आईच्या रक्तातून प्राणवायू मिळवावा लागतो, म्हणून आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरणारा रेणू त्याला हवा असतो. गर्भ हिमोग्लोबिन तसे असते. त्यात दोन अल्फा आणि दोन गॅमा साखळ्या असतात. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनात गॅमाच्या जागी बीटा साखळ्या येतात. जन्माच्या वेळी बाळाच्या हिमोग्लोबिनापैकी साधारण ६० ते ८० टक्के गर्भ हिमोग्लोबिन असते. पुढच्या काही महिन्यांत ते झपाट्याने उतरते आणि निरोगी प्रौढात जेमतेम एका टक्क्याच्या आसपास उरते.

गॅमा साखळीचे जनुक मात्र कुठेच गेलेले नसते. अकराव्या गुणसूत्रावर, बीटा जनुकाच्या शेजारी, त्याच्या दोन प्रती जन्मभर जागच्या जागी असतात आणि त्यांचे एक अक्षरही बदललेले नसते. फरक एवढाच, की पेशी ते जनुक वाचत नाही, म्हणजे त्याची आरएनए नक्कल काढत नाही. डीएनएची अक्षरे तशीच ठेवून त्यांचे वाचन सुरू किंवा बंद करण्याच्या या व्यवस्थेला अधिजनुकीय नियंत्रण म्हणतात. हे नियंत्रण दोन छोट्या रासायनिक खुणांवर बरेचसे अवलंबून असते. एक खूण डीएनएवरच लागते, दुसरी डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर.

दुसरीपासून सुरुवात केलेली बरी. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब भरतो. तो नुसता कोंबलेला नसतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गड्डा, आणि त्याभोवती डीएनएच्या १४७ अक्षरजोड्यांचा पावणेदोनला थोडा कमी असा वेढा, अशी रीळे एकापुढे एक असतात. हिस्टोनांच्या शेपट्या या रिळाबाहेर लोंबतात. शेपट्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि त्यावर धन विद्युतभार असतो. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे दोघे एकमेकांना ओढून धरतात. लायसिनवर ॲसिटिल गट बसला की त्याचा धन भार नाहीसा होतो आणि पकड सैल पडते. याखेरीज ॲसिटिल बसलेले लायसिन ओळखणारी प्रथिने तिथे येऊन चिकटतात आणि वाचनयंत्रणेला बोलावतात. ॲसिटिल बसवणारी विकरे वेगळी, काढणारी वेगळी. दोन्हींचे काम अखंड चालू असते, म्हणून ही खूण मिनिटा-तासांत पालटू शकते. ॲसिटिलीकरणाचा आणि जनुक वाचनाचा संबंध असावा, हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवले होते. पण ही कामे करणारी विकरे नेमकी ओळखली गेली ती १९९६ मध्ये. मधली तीन दशके अनेकांना हिस्टोन म्हणजे केवळ डीएनएचे बांधणीसाहित्य वाटत होते.

पहिली खूण जास्त चिवट आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट बसतो, आणि माणसात तो प्रामुख्याने सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असेल तिथे. या जोडीचे वैशिष्ट्य असे, की समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचले तरी तीच जोडी येते. त्यामुळे पेशीचे विभाजन होऊन डीएनएची नक्कल झाली, की जुन्या धाग्यावर मिथाइल असतो आणि नव्यावर नसतो. अशी अर्धवट खूण ओळखून ती पुरी करणारे एक विकर पेशीत असते. म्हणूनच आईपेशीने बंद ठेवलेले जनुक लेकपेशींतही बंद राहते. १९७५ मध्ये रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी आणि स्वतंत्रपणे आर्थर रिग्ज यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा असे विकर अजून हाती यायचे होते.

जनुकाच्या आरंभाजवळ, म्हणजे त्याच्या प्रमोटरमध्ये, मिथाइल बसले की वाचन सहसा थांबते. कधी मिथाइलमुळे वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला बसायला जागाच राहत नाही. त्याहून महत्त्वाचा मार्ग दोन्ही खुणांना जोडतो: मिथाइल ओळखणारी काही प्रथिने आपल्यासोबत ॲसिटिल काढणारी विकरे घेऊन येतात. म्हणजे डीएनएवरची खूण हिस्टोनवरची खूण पुसायला लावते. हा दुवा १९९८ मध्ये स्पष्ट झाला. तेव्हापासून या दोन प्रक्रियांचा एकमेकींपासून तोडून विचार करणे कठीण झाले.

गॅमा जनुकाच्या बाबतीत पहिला ठोस पुरावा १९८० मध्ये आला. फान डेर प्लूख आणि फ्लॅवेल यांनी डीएनए कापणाऱ्या दोन विकरांचा उपयोग केला. दोन्ही विकरे एकाच चार अक्षरांच्या शब्दावर कापतात, पण त्या शब्दात मिथाइल असला तर एक अडते आणि दुसरे कापून मोकळे होते. दोन्हींनी पडलेल्या तुकड्यांची लांबी ताडून पाहिली, की कुठे मिथाइल आहे ते कळते. गर्भाच्या यकृतात, जिथे त्या वयात रक्त तयार होते, गॅमा जनुकाजवळ मिथाइल जवळजवळ नव्हता. प्रौढाच्या अस्थिमज्जेत तो होता. खूण आणि शांतता बरोबर जात होत्या. मात्र यातून कोण कारण आणि कोण परिणाम, हे ठरत नाही. जनुक आधी दुसऱ्याच कशामुळे बंद पडले असेल आणि मिथाइल मागून बसला असेल, ही शक्यता खुलीच होती.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. सिकलसेल आजारात बीटा जनुकाचे एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार घरोघरी परिचयाचा आहे. बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि काही महिन्यांनी दुखणी सुरू होतात, याचे कारण गर्भ हिमोग्लोबिन या काड्या बनू देत नाही आणि तेच दरम्यान ओसरते. गॅमा जनुक पुन्हा बोलते झाले, तर आजार सौम्य होईल.

१९८२ मध्ये ॲझासायटिडिन हे औषध आधी रक्तक्षय असलेल्या बबून माकडांना आणि त्याच वर्षी एका थॅलेसेमियाच्या रुग्णाला देण्यात आले. हा रेणू सायटोसिनच्या जागी नव्या डीएनएत बसतो आणि मिथाइलची खूण पुरी करणाऱ्या विकराला तिथेच अडकवून ठेवतो. परिणामी पेशी विभाजित होत जाते तशी खूण विरत जाते. गॅमा साखळ्यांचे उत्पादन खरोखर वाढले. सिद्धान्त सिद्ध झाला असे वाटले, तोच एक रास्त आक्षेप आला. हे औषध विभाजित होणाऱ्या पेशी मारतेही. अस्थिमज्जेचे नुकसान झाले की ती घाईघाईने रक्त बनवते, आणि अशा घाईत गर्भ हिमोग्लोबिन आपोआप वाढते. मग वाढ मिथाइल गेल्यामुळे झाली की पेशी मेल्यामुळे? पडताळा म्हणून मिथाइलला हात न लावता पेशींची वाढ रोखणारे हायड्रॉक्सियुरिया देऊन पाहिले, तर त्यानेही गर्भ हिमोग्लोबिन वाढले. शंका बळावली, पण त्या शंकेतूनच सिकलसेलचे आजचे सर्वाधिक वापरातले औषध मिळाले, हे विसरता येत नाही. पुढे ॲझासायटिडिनचा भाऊ डेसिटाबिन पेशी मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत दिला, तेव्हा मिथाइल कमी झाला आणि गर्भ हिमोग्लोबिनही वाढले. मिथाइलचाही वाटा होता तर.

ॲसिटिलचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. मधुमेही मातांच्या बाळांत गॅमाकडून बीटाकडे जाणारा बदल उशिरा होतो, हे सुसान पेरिन यांच्या गटाच्या लक्षात आले. या बाळांच्या रक्तात ब्यूटिरिक आम्लाच्या जवळचा एक रेणू जास्त असतो. ब्यूटिरेट ॲसिटिल काढणाऱ्या विकरांना रोखते, त्यामुळे हिस्टोनवर ॲसिटिल साचत जातो. १९९३ मध्ये सहा रुग्णांना ते शिरेतून दिले आणि गॅमा साखळ्या वाढल्या. पण सलग दीर्घकाळ दिल्यावर अनेकांत परिणाम टिकला नाही. मध्ये खंड पाडत दिल्यास प्रतिसाद बरा मिळाला. ब्यूटिरिक आम्ल लोण्या-तुपातही असते, पण तूप खाऊन हा परिणाम साधत नाही. आतड्याचे अस्तर आणि यकृत ते वाटेतच खर्चून टाकतात, आणि रक्तात पोहोचलेलेही काही मिनिटांत संपते.

दोन्ही औषधांची खरी अडचण एकच आहे. ती गॅमा जनुक ओळखत नाहीत. पेशीतल्या हजारो जागांवरचा मिथाइल किंवा ॲसिटिल ती हलवतात, मग त्यात गप्पच राहिलेली बरी अशी जनुकेही येतात. खुणा लावणारी विकरेसुद्धा जागा निवडत नाहीत. त्यांना जागा दाखवणारे कोणीतरी हवे असते.

गॅमासाठी असा दाखवणारा २००८ मध्ये निश्चित झाला. बीसीएल११ए हे प्रथिन गॅमा प्रमोटरमधली एक ठरावीक अक्षरमाला पकडते आणि ॲसिटिल काढणाऱ्या विकरांचा मोठा संच तिथे आणते. काही कुटुंबांत त्याच अक्षरमालेतले एखादे अक्षर जन्मतः बदललेले असते. अशा माणसांत गर्भ हिमोग्लोबिन आयुष्यभर तयार होत राहते आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर उपचार याच ज्ञानावर उभा आहे. त्यात रुग्णाच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींत बीसीएल११ए तयार करणारा कळीचा भाग कापतात आणि त्या पेशी परत देतात. त्याआधी जुनी अस्थिमज्जा औषधांनी रिकामी करावी लागते, म्हणून उपचार कठोर आणि अतिशय महाग आहे.

कारण की परिणाम, या १९८० च्या प्रश्नाला अलीकडे नेमके उत्तर देता येऊ लागले आहे. क्रिस्परमधले कापणारे विकर निकामी करून त्याला मिथाइल पुसणारे विकर जोडतात आणि ही जोडी गॅमाच्या प्रमोटरवर पाठवतात. त्या प्रमोटरमध्ये सायटोसिन-ग्वानिनच्या जोड्या जेमतेम अर्धा डझन आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तेवढ्यांवरचा मिथाइल पुसला, डीएनएचे अक्षर एकही न बदलता, आणि गॅमा जनुक पुन्हा वाचले जाऊ लागले.