फराळाचं ताट आणि वजनकाटा

बेसनाच्या लाडवांचा घाणा घ्या. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, चारशे ग्रॅम पिठीसाखर; साधारण तीस लाडू वळले जातात. एका ग्रॅम तुपात नऊ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला चार. या हिशेबाने प्रत्येक लाडू सुमारे 190 कॅलरींचा, आणि त्यातला मोठा वाटा तुपाचा. म्हणजे ‘साखर कमी घातलीय’ म्हणून दोन लाडू उचलणाऱ्याची फसगत ठरलेली. त्यापेक्षा तोच लाडू सुपारीपेक्षा थोडा मोठा, वीसेक ग्रॅमचा वळला तर तो शंभरात बसतो आणि चवीत काही उणं राहत नाही.

तळणीचं गणित मात्र कढईत ठरतं. चकली तेलात पडली की पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं. बुडबुडे उठतात ते त्याचेच. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत फारसा शिरकाव नसतो. चकली बाहेर काढून निवू लागली, की आतली वाफ विरते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणूनच झाऱ्यावर क्षणभर निथळून, गरम असतानाच चाळणीत उभी केलेली चकली कमी तेलकट होते. परातीत एकावर एक रचल्या तर तेल जिरतं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, आणि तेल पुरेसं तापलेलं नसलं तर ती मऊ पडून तेल पिते. पिठाचा कण टाकताच बुडबुड्यांसह वर आला, की तेल तयार.

आता ताटाचं बघू. समजा, वजन उतरवणाऱ्या एका बाईंचा दिवसाचा आहार 1600 कॅलरींचा आहे. अभ्यंगस्नानानंतर एक लाडू, एक चकली आणि वाटीभर चिवडा मिळून साधारण साडेचारशे होतात. हाच सकाळचा नाश्ता मानला, तर दुपारी वरण-भात, भाजी, कोशिंबीर आरामात मावते. घोटाळा होतो तो आधी पोहे, मग फराळ, मग प्रत्येक पाहुण्याबरोबर पुन्हा मूठभर चिवडा, असं झाल्यावर. चिवडा हलका वाटतो, पण शेंगदाणे, खोबरं आणि फोडणीचं तेल त्यात मुरलेलं असतं. डब्यातून थेट खाण्यापेक्षा तो वाटीत काढलेला बरा. (मधुमेहाची औषधं चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.)

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो आणि लोक हबकतात. एवढी चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर साठेक लाडू जास्तीचे खावे लागले असते! खारट पदार्थांतलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, आणि गोडाधोडातून साठलेली साखरही आपल्याबरोबर पाणी साठवते. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते बहुतेक आठवडाभरात उतरतं. त्यामुळे उपाशी राहण्याऐवजी आठ दिवसांनी, सकाळी, पोट रिकामं असताना पुन्हा वजन करावं. त्या वेळी काटा जे दाखवील, त्याचा विचार करायचा.