चिऱ्यांचे घर आणि त्याची रंगीत जाळी

कोकणातले एक छोटे घर डोळ्यांसमोर आणा. लांबी सहा मीटर, रुंदी पाच मीटर, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर दोन पाखी मंगलोरी कौले, साठ सेंटिमीटर उंच जोते, मधोमध दार आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खिडकी. हे घर संगणकावर लहान लहान ठोकळ्यांतून उभे करायचे आणि मग त्याची अशी रंगीत प्रतिकृती काढायची, की ती एखाद्या खेळात, चित्रफितीत किंवा मोबाइलवरच्या त्रिमित दृश्यात ठेवता यावी. या ठोकळ्यांना व्हॉक्सेल म्हणतात. छायाचित्र जसे चौकोनी ठिपक्यांचे, तसे हे घर चौकोनी घनांचे. प्रत्येक घनाला एक जागा आणि एक रंग असतो, बाकी काही नसते.

या कामासाठी मॅजिकाव्हॉक्सेल हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुष्कळ जण वापरतात. ephtracy या टोपणनावाच्या प्रोग्रामरने ते बनवले आहे. पहिला निर्णय मापाचा. एक घन म्हणजे दहा सेंटिमीटर धरले, तर घर 60 घन लांब आणि 50 घन रुंद होते. जोते 6 घन, त्यावरची भिंत 26 घन, दार 10 घन रुंद आणि 20 घन उंच. छपराची वळचण चारी बाजूंना 5 घन पुढे काढली की एकूण पसारा 70 गुणिले 60 होतो. छपरासकट उंची पन्नासच्या आत राहते. मॉडेलच्या आकाराच्या चौकटीत `70 60 50` असे लिहिले की तेवढी जागा मिळते. दहा सेंटिमीटरपेक्षा बारीक माप घ्यायचा मोह होतो, पण पहिल्या घराला तो आवरावा. या मापात दाराची चौकट एका घनात बसते, भिंतीची जाडी तीन घनांत बसते, आणि घर बघताक्षणी ओळखू येते.

बांधकामाचा क्रम खऱ्या घराचाच. आधी जोते, मग भिंती, शेवटी छप्पर. Attach निवडून Box ने जोत्याचा आयत टाकायचा, मग Face ने त्याचा वरचा पृष्ठभाग धरून वर ओढायचा. त्याच रीतीने भिंती उठतात. छपराचा उतार मात्र पायऱ्यापायऱ्यांनीच करावा लागतो, कारण घनांना तिरपी बाजू नसते. दोन घन आत गेले की एक घन वर चढायचे. वळचणीपासून आढ्यापर्यंत 30 घनांचे अंतर आहे, म्हणजे प्रत्येक पाख्याला 15 पायऱ्या येतात आणि उतार सुमारे साडेसव्वीस अंशांचा पडतो. कौलारू घराला तो शोभतो.

इथे एक जागा नीट बघण्यासारखी आहे. छप्पर एकाच घनाच्या जाडीचे ठेवले, तर खालची पायरी जिथे संपते तिथेच वरची सुरू होते, पण एका घनाने उंच. दोघींचा स्पर्श फक्त एका रेषेवर होतो. पडद्यावर ते छप्पर अखंड दिसते, पण भूमितीच्या दृष्टीने त्या रेषेला जाडीच नसते. त्रिमित छपाई करायची असेल, तर तिथे छप्पर जोडलेलेच नाही. त्यामुळे छपराची जाडी दोन घन ठेवावी. मग शेजारच्या पायऱ्या पूर्ण बाजूने एकमेकींना चिकटतात.

आता मुख्य प्रश्न. घनांचे घर तयार झाले, तरी बाकीच्या बहुतेक सॉफ्टवेअरना घन समजत नाहीत. त्यांना लागते मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, त्रिकोणांनी विणलेली. घनांवरून जाळी काढणे म्हणजे एक्स्पोर्ट. ही जाळी हलकी होणार की जड, हे घराच्या आकारापेक्षा त्याच्या रंगांवर जास्त ठरते. व्हॉक्सेलच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

हिशेब करून बघू. फक्त भिंतींचा भाग भरीव ठोकळा मानला, तर 60 गुणिले 50 गुणिले 26, म्हणजे 78,000 घन. प्रत्येकाला सहा बाजू, म्हणजे 4,68,000 चौकोन. पण दोन घन एकमेकांना चिकटलेले असतील, तर त्यांच्यामधल्या बाजू कुणालाच दिसत नाहीत. सॉफ्टवेअर त्या गाळते आणि बाहेरचे 11,720 चौकोन उरतात. पुढची पायरी याहून हुशारीची आहे. एकाच सपाटीवरचे, एकाच रंगाचे, शेजारशेजारचे चौकोन जोडून त्यांचा एक मोठा आयत केला जातो. सगळा ठोकळा एकरंगी असेल, तर 11,720 चौकोनांचे सहाच आयत होतात, म्हणजे अवघे बारा त्रिकोण.

पण एकरंगी भिंत चिऱ्याची दिसत नाही. मग काय करायचे? दर्शनी भिंत 60 गुणिले 26, म्हणजे दार-खिडक्या सोडून दिल्या तर 1,560 चौकोनांची. जांभ्याचा खडबडीतपणा यावा म्हणून तिच्यावर पुष्कळ छटांचे ठिपके विखरून टाकले, तर जवळजवळ प्रत्येक चौकोन शेजाऱ्यापेक्षा वेगळा पडतो, फारसे काही जोडले जात नाही आणि एकट्या त्या भिंतीचे त्रिकोण तीन हजारांच्या घरात जातात. शिवाय लांबून बघितले तर तो जांभा वाटतच नाही, नुसती वाळू वाटते.

खऱ्या भिंतीकडे बघितले की उपाय मिळतो. चिऱ्यांची मापे गावोगाव बदलतात, पण दर्शनी बाजू चाळीस सेंटिमीटर लांब आणि वीस उंच धरली, तर एक चिरा 4 घन रुंद आणि 2 घन उंच होतो. भिंतीत असे तेरा थर बसतात, प्रत्येक थरात पंधरा चिरे. एक थर सोडून पुढचा अर्ध्या चिऱ्याने सरकवायचा, म्हणजे सांधे एकाखाली एक येत नाहीत. प्रत्येक चिऱ्याला एकच छटा द्यायची, शेजारच्याला थोडी गडद किंवा फिकी. एकूण सुमारे दोनशे तुकडे होतात, म्हणजे चारशे त्रिकोण. ठिपक्यांच्या भिंतीच्या तुलनेत सातवा-आठवा हिस्सा, आणि दिसायला कितीतरी खरी. चुन्याचा सांधा रंगवायची गरज नाही. एका घनाचा सांधा म्हणजे दहा सेंटिमीटरचा चुना होईल. छटांतला फरकच सांधा दाखवतो.

छपराचेही असेच. कौलांच्या उभ्या ओळी दिसाव्यात म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंत दोन-दोन घनांचे आलटूनपालटून पट्टे रंगवले, तर प्रत्येक पायरीचे पस्तीस तुकडे पडतात, आडव्या बाजूचेही आणि उभ्या बाजूचेही. एका पाख्याच्या वरच्या अंगाचेच 2,100 त्रिकोण होतात. त्याऐवजी प्रत्येक पायरी म्हणजे कौलांचा एक थर मानून थराथराला छटा बदलली, तर एकही त्रिकोण वाढत नाही. पायरीच्या कडेला जाळी तशीही तुटतेच. रंगही तिथेच बदलला, तर तो फुकट मिळतो. साठच त्रिकोण लागतात. मग वाचलेल्यातून पावसाने काळवंडलेली दहा-वीस कौले इकडेतिकडे रंगवायला हरकत नाही.

घराच्या आत कुणी जाणार नसेल, तर ते आतून भरून टाकावे. ऐकायला उलटे वाटेल, पण पोकळ घर भरीव घरापेक्षा जड असते. तीन घन जाडीच्या भिंतींच्या आतल्या बाजूही पृष्ठभागच असतात. या घरात त्यांचे पाच हजारांहून जास्त चौकोन निघतात. शिवाय माळ्यावरून दिसणाऱ्या छपराच्या उलट्या पायऱ्या असतातच. सॉफ्टवेअरला ‘हे कुणी बघणार नाही’ हे कळत नाही. आत सगळे भरले की हा पृष्ठभागच नाहीसा होतो. दार-खिडक्यांच्या जागी भिंतीत एक घन आत खाच करायची आणि तिथे गडद रंग द्यायचा. सावली पडते आणि खोली असल्याचा भास होतो.

OBJ प्रकारात एक्स्पोर्ट केले की तीन फायली तयार होतात: `ghar.obj`, `ghar.mtl` आणि `ghar.png`. पहिलीत आकार, तिसरीत रंग, आणि दुसरी त्या दोघींची गाठ घालून देते. रंगांचे चित्र 256 ठिपके रुंद आणि एकच ठिपका उंच असते. ती रंगपेटीच आडवी मांडलेली आहे. जाळीच्या प्रत्येक आयताला सांगितलेले असते, की पेटीतल्या अमुक ठिपक्याच्या मधोमध बोट ठेव. बाराव्या रंगाची भिंत फायलीत अशी दिसते:

```
mtllib ghar.mtl
usemtl palette
vt 0.044921875 0.5
```

तो लांबलचक आकडा म्हणजे साडेअकरा भागिले 256, बाराव्या ठिपक्याचा मध्य. त्यामुळे `ghar.png` कोणत्याही चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तो एक ठिपका बदलला, तर त्या छटेचे सगळे चिरे एका झटक्यात रंग बदलतात. चारही छटा पांढरट केल्या की तेच घर चुन्याने सारवलेले होते, जाळीला हात न लावता.

बिघाड बहुतेक वेळा याच गाठीत होतो आणि तो रंगावरून ओळखता येतो. ब्लेंडरमध्ये घर राखाडी दिसले, तर आधी दृश्य Solid वर आहे का ते बघावे. तिथे चित्राचे रंग दिसत नाहीत, Material Preview निवडावे लागते. तरीही राखाडीच असेल, तर `.mtl` सापडलेली नाही. घर भडक गुलाबी झाले, तर `.mtl` सापडली पण चित्र सापडले नाही. कुणाला पाठवताना फक्त `.obj` पाठवली, किंवा फायलींची नावे बाहेरून बदलली, की असे होते, कारण आत लिहिलेली नावे जुनीच राहतात. रंग दिसतात पण शेजारच्या रंगाची झाक मारते, असे झाले तर घर जिथे नेले तिथे चित्र आत घेताना दाबून लहान केले गेले असते. ते दाबणे त्या चित्रापुरते बंद करावे.

PLY प्रकारात ही गाठच नसते. रंग थेट जाळीच्या कोपऱ्यांवर लिहिलेला असतो आणि एकच फाइल पुरते. पाठवायला ती सोयीची. पण नंतर रंग बदलायचा तर ठिपका बदलण्याची सोय उरत नाही, आणि ब्लेंडरमध्ये कोपऱ्यांवरचा रंग दिसण्यासाठी मटेरियलला Color Attribute जोडून द्यावे लागते. STL मात्र रंगीत कामासाठी घेऊच नये. त्रिमित छपाईसाठी ते प्रसिद्ध आहे खरे, पण मूळ प्रकारात रंगाला जागाच नाही. चिरे, कौले, दार सगळे एकाच रंगाचे होऊन बाहेर पडते.

एक उणीव मात्र या आयत जोडण्याच्या पद्धतीतच आहे. मोठ्या आयताच्या कडेला मध्येच लहान आयताचा कोपरा टेकतो, तिथे दोन्ही बाजूंचे कोपरे जुळत नाहीत. कॅमेरा हलवताना भिंतीच्या सांध्यांवर बारीक ठिपके लुकलुकताना दिसले, तर कारण हेच. पडद्यावर त्याने फारसे बिघडत नाही. छपाईचे सॉफ्टवेअर मात्र अशी जाळी फाटकी समजून दुरुस्तीची सूचना देऊ शकते. त्यासाठी आयत न जोडलेली, जड जाळी काढून द्यावी. म्हणून मूळ `.vox` फाइल जपून ठेवावी लागते: हलकी जाळी पडद्याला, जड जाळी छपाईला, आणि दोन्ही त्याच घनांवरून पुन्हा काढता येतात. जाळीवरून मूळ घन मात्र जसेच्या तसे परत मिळत नाहीत. आत काय भरले होते, हे तिला ठाऊकच नसते.