तांबडं आलवण काळं का दिसतं

साधारण १९२० च्या आसपासचा एक घरगुती फोटो समोर आहे असं धरू. मधे खुर्चीवर सोवळी आजी, मागे नऊवारीतली सून, शेजारी कोट-टोपीतला मुलगा. आजीचं आलवण फोटोत जवळजवळ काळं आहे आणि सुनेचं कुंकूही काळा ठिपका झालंय. हा फोटो रंग भरणाऱ्या मॉडेलला दिला, तर आजी बहुधा गडद निळ्या वस्त्रात बाहेर येईल. आलवण तांबडं असे, काही घरांत पांढरं. निळं मात्र नव्हे.

ही चूक समजायला मॉडेल काय करतं ते आधी पाहू. चित्राचे तीन भाग पाडतात: L म्हणजे उजळपणा, a म्हणजे हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा पट्टा, b म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा. फोटोतून L मिळतो. a आणि b यांचा अंदाज मॉडेल लाखो रंगीत चित्रं पाहून बांधतं. गवत किंवा आकाश असेल तर अंदाज सोपा असतो. कापडाचं तसं नाही, कारण एकाच करड्या छटेमागे तांबडं, हिरवं किंवा जांभळं काहीही असू शकतं. सगळ्या शक्यतांची सरासरी काढली की मळकट तपकिरी रंग उरतो. म्हणून २०१६ मध्ये रिचर्ड झँग, फिलिप इसोला आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी रंगांचे ३१३ गट पाडले आणि प्रत्येक ठिकाणी कोणता गट किती संभवतो हे मॉडेलला ठरवायला लावलं. चित्रं टवटवीत झाली, पण कापडाचा रंग हा अंदाजच राहिला. जेसन अँटिक यांच्या ‘डीओल्डिफाय’सारख्या लोकप्रिय मॉडेलचा कल कपडे निळे करण्याकडे दिसतो.

आपल्या फोटोत आणखी एक अडचण आहे आणि ती कॅमेऱ्यातली आहे. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म तांबडा प्रकाश जवळजवळ टिपतच नसत. सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९३० नंतर हळूहळू रुळली. म्हणजे इथे L सुद्धा खरा नाही. तांबडं काळवंडलंय, निळं फिकट झालंय, आणि त्वचेतून तांबडा प्रकाश बराच परावर्तित होत असल्याने माणसं प्रत्यक्षापेक्षा सावळी उतरली आहेत. ओळखायची खूण कपाळावरच आहे: कुंकू ठार काळं दिसलं की फिल्म ऑर्थो असण्याची दाट शक्यता धरावी. यातूनच आलवणाचाही उलगडा होतो. पांढरं असतं तर पांढरंच उतरलं असतं, म्हणून इथे ते तांबडंच असणार.

आता कामाला लागू. स्कॅन १६ बिटचं करावं आणि रंग भरण्याआधी ओरखडे, डाग काढावेत, नाहीतर मॉडेल डागालाही कापडाची नक्षी समजतं. डीओल्डिफायमध्ये render_factor हा आकडा असतो. त्याला १६ ने गुणलं की मॉडेल किती पिक्सेलच्या चौकोनात चित्र पाहतं ते कळतं. ३५ ठेवला तर ५६०. नंतर हे रंग मूळ बारीक L वर पसरले जातात. आकडा कमी ठेवला की रंग गडद येतात पण लहान चेहरे निसटतात, वाढवला की तपशील सापडतो पण रंग फिके पडू शकतात. म्हणून दोन-तीन आकड्यांवर काम चालवून चेहरे एकातून आणि कपडे दुसऱ्यातून घ्यावेत.

त्वचा तपासायची उत्तम युक्ती म्हणजे सगळीकडे L ५० करून नुसते रंगच पाहणं. चेहरा पिवळसर-तांबूस आणि मांडीवरचे हात करडे राहिलेले लगेच दिसतात. ही या मॉडेलांची नेहमीची चूक. मग गालाच्या मध्यम उजेडाच्या भागावर आकडे वाचावेत. आपल्याकडच्या त्वचेत a आणि b दोन्ही धन असतात आणि b सहसा मोठा असतो, उदाहरणार्थ a १२, b १८. a पुढे गेला तर चेहरा गुलाबी, परका वाटू लागतो. गालावरचा मेळ हातांवर आणि मानेवर नेताना सावलीत रंग थोडा कमी करावा. एका घरातल्या तिघांना एकच छटा देऊ नये, पण उजळपणातला फरकही फिल्मने बदललेला असतो हे लक्षात ठेवून चेहऱ्यांचा L अगदी हलकासा वर घ्यावा.

आलवणावर नुसता तांबडा थर दिला तर काहीच साधत नाही. L १५ असताना कितीही तांबडं भरलं तरी डोळ्याला काळपट किरमिजीच दिसतं. त्यासाठी आलवणापुरता मास्क करून कर्व्हने L ३० च्या आसपास उचलावा लागतो; मग चुण्या टिकतात आणि तांबडेपणा उमटतो. हा मूळ फोटोतला बदल आहे, म्हणून तो वेगळ्या थरात ठेवावा. कुंकवालाही हेच लागू.

सुनेच्या लुगड्याला मात्र फोटोत कसलाच पुरावा नाही. ट्रंकेत ते लुगडं अजून असेल तर दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढून तिथला a, b घ्यावा. घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना रंग आठवत असेल तर तोही चालेल. दोन्ही नसेल तर रंग फिकाच ठेवावा आणि फाइलसोबतच्या नोंदीत स्पष्ट लिहावं: आलवण अनुमानाने, चेहरे अंदाजाने, लुगडं अज्ञात.