कीबोर्डचा दिवा का विझतो?

माझा भाचा रात्रीच्या गाडीने प्रवास करतो आणि वाटेत लॅपटॉपवर काम उरकतो. परवा त्याने तक्रार केली, "मामा, कीबोर्डचा दिवा बिघडलाय. घरी लख्ख असतो, गाडीत मात्र सारखा विझतो." बटण दाबलं की उजेड येई, आणि तो स्क्रीनवर दोन ओळी वाचेपर्यंत पुन्हा अंधार. शिवाय अंधारात चाचपडून दाबलेलं अक्षर फायलीत उमटायचं ते वेगळंच.

घरी चालतो आणि गाडीत विझतो, या दोन्हींत फरक एकच होता. घरी चार्जर लावलेला असे, गाडीत नसे. लॅपटॉप सुरू होताना F2 दाबून आम्ही बायोस उघडलं. तिथे Keyboard Backlight Timeout on AC आणि Keyboard Backlight Timeout on Battery अशा दोन वेगळ्या नोंदी सापडल्या. चार्जरवर Never, बॅटरीवर 10 seconds. दिवा बिघडला नव्हता, सांगितल्याप्रमाणे वागत होता. प्रत्येक लॅपटॉपमध्ये ही सोय बायोसमध्येच असेल असं नाही. काहींत ती कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, काहींत वेळ बदलताच येत नाही.

दिवा मुळीच लागत नसेल, तर आधी तो लॅपटॉपला आहे ना, हे पाहावं. एकच मॉडेल दिव्यासह आणि दिव्याशिवाय, असं दोन्ही प्रकारे विकलं जातं. वरच्या रांगेत किंवा स्पेसबारवर प्रकाशकिरणांचं चिन्ह असेल तर दिवा असण्याची शक्यता मोठी. लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपवर Fn आणि स्पेसबार एकत्र दाबावे लागतात, डेलच्या अनेक लॅपटॉपवर F5 किंवा F10. नुसतं बटण दाबून काही झालं नाही, तर Fn धरून दाबून पाहावं. बहुधा प्रत्येक दाबागणिक मंद, प्रखर आणि बंद अशा पायऱ्या फिरतात, त्यामुळे एकदाच दाबून निकाल लावू नये.

एवढ्यानेही उजेड आला नाही, तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना कीबोर्डकडे लक्ष ठेवावं. बऱ्याच लॅपटॉपचे दिवे विंडोज सुरू होण्याआधी क्षणभर लागतात. तसे लागले, तर दिवे आणि वायर ठीक आहेत, दोष सॉफ्टवेअरकडे शोधावा. आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांच्या कीबोर्डवर हे जास्त घडतं, कारण रंगांचा कारभार कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे असतो. विंडोज 11 मध्ये Settings, Personalization, Dynamic Lighting इथे आणखी एक ताबेदार बसलेला असतो. दोघांनी एकाच कीबोर्डवर हक्क सांगितला की रंग गोठतात किंवा जातात. दोघांपैकी एकाला बंद करावं.

स्क्रीनवर दिव्याचं चिन्ह येतं, पण उजेड कधीच येत नाही, असं असेल तर हुकूम पोहोचतोय आणि दिव्यापर्यंतची वाट तुटली आहे. अनेक लॅपटॉपमध्ये दिव्याची बारीक, चपटी पट्टी कीबोर्डच्या मुख्य पट्टीपासून वेगळी असते. दुरुस्तीत ती जोडायची राहिली, की टायपिंग नीट होतं आणि दिवा तेवढा जातो. दुरुस्तीनंतरच अंधार झाला असेल, तर दुकानदाराला नेमकं हेच विचारावं. पाणी किंवा चहा सांडल्यावर कीबोर्डचा एकच भाग काळवंडला असेल, तर सेटिंग चाळण्यात वेळ घालवू नये.

आता बॅटरीचं. साधा पांढरा दिवा पूर्ण उजेडात साधारण एक वॉट खातो असं धरू. बॅटरी 50 वॉट-तासांची आहे आणि नुसतं लिहिण्या-वाचण्याला 7 वॉट लागतात. दिवा बंद ठेवला तर ती सुमारे 7 तास 8 मिनिटं चालेल, सतत पेटता ठेवला तर सव्वासहा तास. पाऊण तासाहून अधिक गेला. तोच लॅपटॉप जड कामात 20 वॉट खात असेल, तर अडीच तासांतली जेमतेम सात मिनिटं जातात. म्हणजे काम जितकं हलकं, तितका दिवा महाग. आरजीबीत प्रत्येक बटणाखाली दिवा असेल तर खर्च आणखी वाढतो. त्यात पांढऱ्या रंगासाठी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही दिवे पेटतात, तर नुसत्या लाल रंगाला एकच पुरतो.

भाच्याने बॅटरीवरची वेळ 10 सेकंदांवरून एक मिनिट केली आणि उजेड मंद ठेवला. विझलेला दिवा जागवायला तो आता Shift दाबतो, कारण त्याने फायलीत अक्षर उमटत नाही.