पैठणी भेट द्यायची आहे?

पैठणीची खरेदी पुष्कळदा अशा माणसाच्या हातात येते, ज्याने आयुष्यात कधी साडी नेसलेली नसते. मुलगा आईसाठी घेतो, भाऊ बहिणीसाठी. दुकानात गादीवर बसल्यावर समोर दहा पैठण्या उलगडल्या जातात, सगळ्याच झळाळतात आणि किंमत मात्र दोन हजारांपासून लाखापर्यंत सांगितली जाते. अशा वेळी ‘कोणती जास्त छान दिसते’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ती कोण नेसणार आहे आणि कधी, हे आधी मनाशी पक्कं करावं. निम्म्या साड्या तिथेच बाजूला होतात.

तरी फरक कशाचा, एवढं माहीत हवं. येवला आणि पैठण इथल्या पारंपरिक हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा वेल भरतकामाने काढलेला नसतो, साडी विणतानाच तो विणला जातो. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते, तिला तिल्ली म्हणतात. विणकर एकेक तिल्ली हाताने फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवत जातो. त्यामुळे असा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला धागे लोंबकळतात, कापलेले दिसतात किंवा त्यांवर जाळी लावलेली असते. मात्र घाईने निकाल देऊ नये. येवल्यातच हातमागावर जेकार्ड लावून ब्रोकेड पैठणी विणतात, तिच्याही मागे सुटे धागे असतात. ती हातमागाचीच असते, पण तिल्लीच्या पैठणीपेक्षा लवकर होते, म्हणून स्वस्त मिळायला हवी. दुकानदाराला सरळ विचारावं, ‘तिल्लीची की ब्रोकेड?’ मग उत्तर आणि किंमत जुळतात का ते पाहावं.

साडीवर सिल्क मार्कचं लेबल असेल तर रेशीम अस्सल असल्याची खात्री मिळते. ती हाताने विणलेली आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. या दोन्हींची गल्लत करून पुष्कळ जण यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने घेऊन येतात.

आता प्रसंग. डोहाळजेवणाला हिरवा रंग लागतो आणि पैठणीत त्यासाठी पोपटी रंगाची ‘राघू’ आहे. फक्त एक लक्षात ठेवावं की सातव्या-आठव्या महिन्यात जड साडी अंगावर घेऊन तासभर बसणं त्रासाचं असतं, म्हणून काठ बारीक आणि बुट्टे विरळ असलेली निवडावी. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी द्यायची रीत आहे. काळ्या अंगाची आणि लाल काठाची ‘काळी चंद्रकळा’ त्या दिवसासाठी जणू बेतूनच केलेली आहे. लग्नात नवऱ्या मुलीला द्यायची असेल तर भरगच्च पदर शोभतो, पण तिने मनाशी रंग ठरवलेला असतो, तेव्हा तिला विचारूनच घ्यावी. इथे अचानक धक्का देण्याचा मोह नको.

एक उदाहरण घेऊ. आईची एकसष्टी आहे, तिघं भावंडं मिळून पंधरा हजार काढणार आहेत. आई ठेंगणी, बारीक चणीची, एरवी सुती साड्या नेसणारी, आणि उजवा खांदा दुखतो. भावंडांच्या मनात चाळीस इंचांचा महाराणी पदर आहे, कारण फोटोत तो उठून दिसतो. पण इतक्या जरीचं वजन त्या दुखऱ्या खांद्यावरच येणार, शिवाय पंधरा हजारांत असा पदर मिळाला तर तो तिल्लीने विणलेला असण्याची शक्यता फार कमी. त्याच पैशात अठरा-वीस इंचांच्या पदराची, बारीक नारळी काठाची, अंगभर मोजके बुट्टे असलेली हातमागाची साडी शोधावी. पदरावर असावली, म्हणजे फुलांची वेल, किंवा बांगडी-मोर असला तरी पुरे. रंगासाठी आईचं कपाट उघडून पाहावं. तिथे जांभळी आणि मोरपंखी आधीच असेल, तर उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग वेगळे ठेवून विणलेली धूपछाव घ्यावी. ती हलताना रंग बदलते आणि नेसणारीला बुट्ट्यांचं ओझं न होता उठावदार दिसते. अशी साडी आई पुढच्या मंगळागौरीलाही काढील. महाराणी मात्र बहुधा कपाटातच राहील.

पैसे कमी असतील तर सेमी पैठणी द्यायला हरकत नाही, फक्त ती सेमी आहे हे माहीत असूनच द्यावी. रोज ऑफिसला जाणाऱ्या, धुणं-वाळवणं स्वतः करणाऱ्या मैत्रिणीला तीच सोयीची पडते. साडी नेसतच नाही अशा मुलीसाठी हातमागाची पैठणी ओढणी असते, ती कुर्त्यावर वारंवार वापरली जाते.

बांधणीकडे खरं तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, कारण साडी बिघडते ती तिथेच. दुकानातून ती प्लास्टिकच्या पिशवीत येते. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडू लागते. घरी आणताच पिशवी काढावी, घडीला लावलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढावेत, त्या गंजल्या की रेशमावरचा डाग निघत नाही. धुऊन वाळवलेलं पांढरं मलमल घेऊन त्यात साडी सैल गुंडाळावी, पदर आतल्या बाजूला ठेवावा. अत्तर शिंपडू नये. डांबराच्या गोळ्याही जरीला लागू देऊ नयेत.

मलमलवरून हवी तशी सजावट करता येते. समारंभात द्यायची असेल तर परातीत ठेवून वर विणलेला रुमाल झाकावा. मला स्वतःला खणाचं बांधणं सर्वांत आवडतं. मलमलची घडी खणाच्या कापडात ठेवून वर सुती दोरीची सैल गाठ मारायची. खण नंतर चोळीला उपयोगी पडतो आणि चकचकीत कागदासारखा फाडून फेकावा लागत नाही. ओटी भरताना साडीला कुंकवाचं बोट लावण्याची पद्धत असते. रेशमावरून हळदकुंकू सहसा जात नाही, म्हणून ते बोट खणाला किंवा नारळाला लावावं. तांदूळ वेगळ्या पुरचुंडीत आणि नारळ साडीपासून दूर ठेवावा, तडकला तर पाणी थेट पदरात जातं.

परगावी किंवा परदेशी पाठवायची असेल तर घडी घालू नये, कारण घडीवर जर मोडते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल घालून साडी गुंडाळावी, त्यावर आणखी एक मलमल, आणि पाणी लागू नये म्हणून प्लास्टिक फक्त सगळ्यात बाहेर, तेही पोहोचताच काढून टाकायला सांगून. फॉल-बिडिंग आधीच करून पाठवू नये आणि ब्लाउजपीस कापू नये, एकदा सुई लागली की दुकानदार साडी बदलून देत नाही. बिल आणि लेबल पाकिटात घालून आत ठेवावं, त्याबरोबर एक चिठ्ठी: ड्रायक्लीनच करणे, वर्षातून दोन-तीनदा उलगडून सावलीत वारा देणे, घडी दर वेळी नव्या जागी घालणे.