दाढीच्या पुटकुळ्या व चेहरा धुण्याची द्रव्ये

दाढीच्या पुटकुळ्या हा रोज गुळगुळीत दाढी करणाऱ्या पुरुषांच्या जबड्यावर, हनुवटीखाली व गळ्यावर आढळणारा त्वचाविकार आहे. वैद्यकशास्त्रात त्यास 'स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बे' असे म्हणतात. या नावातील 'स्यूडो' म्हणजे आभासी. पुटकुळी पाहून केशकूपाला जंतुसंसर्ग झाल्यासारखे वाटते, परंतु विकाराचे मूळ स्वतःच्याच कापलेल्या केसात असते. म्हणूनच केवळ जंतुनाशक साबण वापरून हा विकार सहसा हटत नाही.

कारण

कुरळा केस त्वचेतून तिरका बाहेर येतो. पात्याने तो तिरका कापला गेला की त्याला अणकुचीदार टोक येते, आणि वाढताना वळून ते शेजारच्या त्वचेत शिरते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्वचा ताणून किंवा अनेक पात्यांच्या रेझरने दाढी केल्यास केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि बाहेर येण्यापूर्वीच केशकूपाची भिंत भेदतो. शरीर या केसास परके समजते व तेथे सूज येते. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा विकार सर्वाधिक आढळतो, मात्र राठ वा कुरळी दाढी असलेल्या कोणासही तो होऊ शकतो. सावळ्या त्वचेवर पुटकुळी गेल्यावरही काळपट डाग महिनोन्‌महिने राहतो.

धुण्याच्या द्रव्याची निवड

चेहरा धुण्याच्या द्रव्याने दोन कामे साधावीत: दाढीपूर्वी केसावरील तेलकटपणा काढावा आणि पात्याने आधीच खरवडल्या जाणाऱ्या त्वचेचे संरक्षक आवरण टिकू द्यावे. त्वचेचा सामू साधारण ५ असतो, तर नेहमीच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १०. अशा साबणाने रोज धुतलेला चेहरा ओढल्यासारखा होतो व दाढीनंतर चुरचुरतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असेल तर साबणाचा चिकट थरही चेहऱ्यावर राहतो. कृत्रिम प्रक्षालकापासून बनविलेल्या, त्वचेच्या जवळपास सामू असलेल्या सौम्य वडीचा किंवा फेसवॉशचा असा थर बसत नाही. रोजच्या वापरास तोच बरा. दाणेदार स्क्रबने सुजलेली त्वचा आणखी सोलली जाते, म्हणून तो टाळावा.

पुटकुळ्या आधीच असतील तर सॅलिसिलिक आम्लयुक्त फेसवॉश उपयोगी पडतो. त्याची मात्रा बहुधा ०.५ ते २ टक्के असते. हे आम्ल तेलात विरघळत असल्याने केशकूपाच्या तोंडाशी साचलेल्या मृत पेशी सैल करते. अर्थात धुऊन टाकले जाणारे औषध त्वचेवर क्षणभरच असते, त्यामुळे त्याच्याकडून माफक अपेक्षा ठेवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये.

एक उदाहरण

कामावर जाण्यासाठी रोज दाढी करावी लागणाऱ्या आणि गळ्यावर पुटकुळ्या असलेल्या पुरुषाने प्रथम बोट फिरवून केसांची दिशा पाहावी. गळ्यावरील केस पुष्कळदा आडवे वा वरच्या दिशेने वाढतात, त्यामुळे सवयीने वरून खाली फिरवलेले पाते तेथे उलटे पडते. सकाळी सौम्य द्रव्याने चेहरा धुऊन दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने दाढी भिजवावी, म्हणजे केस फुगून मऊ होतो. नंतर फेस लावून एक पात्याच्या रेझरने, त्वचा न ताणता, केसांच्या दिशेने एकदाच हात फिरवावा. सॅलिसिलिक फेसवॉश रात्री, आरंभी एक दिवसाआड वापरावा. सकाळी ताज्या दाढीवर तो झोंबतो. त्वचा सोलवटू लागल्यास प्रमाण कमी करावे.

केशकर्तनालयात दाढीनंतर फिरवली जाणारी तुरटी बारीक रक्तस्राव थांबवते, पण आत शिरलेला केस तिने बाहेर येत नाही. एकच खडा अनेकांच्या चेहऱ्यावर फिरवणे तर अयोग्यच होय.

आत वाढलेला केस

केसाचे वळसे दिसत असल्यास कोमट पाण्याचा कपडा दहा मिनिटे ठेवून निर्जंतुक सुईने टोक अलगद बाहेर काढावे. केस उपटू नये, कारण नवा केस पुन्हा आतच वळण्याचा संभव असतो. पुटकुळ्या पुष्कळ असल्यास सुमारे महिनाभर दाढी थांबवावी. पहिल्या आठवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो, पण पुढे वाढत्या केसाच्या ताणानेच अनेक टोके सुटून बाहेर येतात. दाढी थांबवणे अशक्य असल्यास सुमारे एक मिलिमीटर खुंट ठेवणारा ट्रिमर वापरावा. त्रास वारंवार होत असल्यास लेझरने केस विरळ करण्याचा पर्याय त्वचारोगतज्ज्ञ सुचवतात.

पिवळा पू, ताप वा पसरणारी लाली ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. कडेने लाल, खाजरे वर्तुळ दिसल्यास गजकर्णाची शंका घ्यावी. अशा वेळी दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास लाली तात्पुरती उतरते व गजकर्ण मात्र पसरत राहते.